शेवटच्या कामगारावर काहीच सुटत नाही, तरी त्याला का घ्यायचं?

प्रश्न: स्पर्धात्मक उद्योगसंस्था सीमांत प्राप्ती उत्पादन मजुरीइतकं होईपर्यंत कामगार घेते, असा नियम आहे. पण बरोबरी झाली म्हणजे त्या शेवटच्या कामगारावर मालकाला काहीच सुटत नाही. मग त्याला घ्यायचंच कशाला? आणि वस्तूची किंमत वाढली की कामगारांची मागणी का वाढते? कामगार तर तेच आणि काम पण तेवढंच करतात.

उत्तर:

दोन्ही शंका एकाच ठिकाणाहून येतात, म्हणून एकच उदाहरण घेतो आणि शेवटपर्यंत तेच वापरतो. लाकडी खोकी ठोकून देणारी एक छोटी कार्यशाळा डोळ्यांपुढे आणा. लाकूड आणि खिळे गिऱ्हाईकाचे, कार्यशाळा फक्त कापून ठोकून देते आणि प्रत्येक खोक्यामागे ३० घेते. पैशाचं एकक तुम्हाला हवं ते धरा. असं काम करणाऱ्या कार्यशाळा इतक्या आहेत की ३० चा दर हिला वाढवून मिळत नाही, आणि हिने कितीही खोकी केली तरी तो पडत नाही. कामगाराची मजुरी दिवसाला ३००, तीही बाजारात ठरलेली. आत करवतीचं एक मशीन आणि ठोकायची दोन टेबलं आहेत. थोड्या काळात ती वाढवता येत नाहीत. कमी-जास्त करता येतात ते फक्त कामगार.

| कामगार | दिवसाची एकूण खोकी | वाढलेली खोकी | वाढलेली प्राप्ती | मजुरी वजा जाता एकूण उरतं |
|---|---|---|---|---|
| १ | १० | १० | ३०० | ० |
| २ | २४ | १४ | ४२० | १२० |
| ३ | ३६ | १२ | ३६० | १८० |
| ४ | ४६ | १० | ३०० | १८० |
| ५ | ५४ | ८ | २४० | १२० |
| ६ | ६० | ६ | १८० | ० |

तिसरा रकाना म्हणजे सीमांत उत्पादन. त्याला ३० ने गुणलं की चौथा रकाना, म्हणजे सीमांत प्राप्ती उत्पादन. शेवटच्या रकान्यातून जागेचं भाडं, मशीनचा हप्ता वगैरे जायचं आहे. पण तो खर्च कामगार किती घेतले यावर बदलत नाही, म्हणून या निर्णयात तो येत नाही.

आता तुमची पहिली शंका. चौथा कामगार ३०० आणतो आणि ३०० नेतो. त्याच्यावर काही सुटत नाही, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. तिघं असतानाही १८० उरतात आणि चौघं असतानाही १८०. पण नफा शेवटच्या माणसावर होतो असं नियम म्हणतच नाही. नफा आधीच्या माणसांच्या वेळी साठत गेलेला असतो. दुसरा आला तेव्हा १२० ची भर पडली, तिसरा आला तेव्हा ६० ची. बरोबरीची खूण एवढंच सांगते की भर पडणं इथे संपलं आणि एक पाऊल पुढे टाकलं तर घट सुरू होईल. विहिरीतून पाणी काढताना दोर कुठे थांबवायचा, तशी ती थांबायची खूण आहे.

आकडे नेमके जुळले म्हणून चौथ्याबाबत मालकाला 'घ्या किंवा नका घेऊ' असं म्हणता येतं. मजुरी २९० केली की संदिग्धता जाते. तिघांवर २१० उरतात, चौघांवर २२० आणि पाच जणांवर १७०. उत्तर स्पष्ट चार येतं आणि बरोबरी कुठेच होत नाही. म्हणून पूर्ण माणसं मोजताना नियम असा वाचावा: जोवर पुढचा कामगार मजुरीपेक्षा कमी आणत नाही, तोवर घ्या. 'बरोबर' हा शब्द खरा लागू होतो तो तासांना. बहुतेक कार्यशाळांत वाढवायचा असतो जादा कामाचा एखादा तास, आणि तास बारीक तुकड्यांत वाढवता येतो. त्यामुळे जो शेवटचा तास आपल्या पैशापुरतं जेमतेम आणतो, तिथे हात थांबतो.

साधनं तीच ठेवून माणसं वाढवत गेलं की एका टप्प्यानंतर प्रत्येक नवा माणूस आधीच्यापेक्षा कमी भर घालतो, याला घटतं फल म्हणतात. त्याबद्दल एक गैरसमज आहे, आणि मला तो सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्याचा त्रास माणसांना होतो. तक्ता पाहून लोक म्हणतात, दुसऱ्या कामगाराने १४ खोकी केली आणि पाचव्याने ८, म्हणजे पाचवा कामचुकार किंवा कच्चा. तसं अजिबात नाही. तक्त्यातले सगळे कामगार हाताला सारखेच धरलेले आहेत. कार्यशाळेत उभं राहून पाहा. एकटा असतो तेव्हा तो फळ्या कापतो, मशीन बंद करतो, टेबलाशी जातो, ठोकतो, पुन्हा मशीनकडे येतो. दुसरा आला की एक जण कापत राहतो आणि एक जण ठोकत राहतो, ये-जा वाचते, म्हणून १४ वाढतात. तिसरा आला की दुसरं टेबल चालू होतं. चौथ्याला स्वतःचं टेबल नसतं. तो फळ्या आणून देतो, तयार खोकी बाजूला रचतो, म्हणजे बाकीच्या तिघांचे हात मोकळे ठेवतो. पाचवा आला की करवतीपुढे वाट बघणं सुरू होतं. त्याचे हात तितकेच कुशल आहेत, मशीन मात्र एकच आहे.

यातून एक गोष्ट निघते. चौघांपैकी कोणीही एक गैरहजर राहिला, अगदी सगळ्यात जुना असला, तरी उत्पादन ४६ वरून ३६ वर येतं. मालकाचं नुकसान ३०० चंच होतं. म्हणून चौघांनाही मजुरी ३००, आणि ती 'शेवटच्या' माणसाच्या सीमांत उत्पादनाशी जोडलेली. शेवटचा म्हणजे कोणी एक विशिष्ट माणूस नव्हे. चारांपैकी कोणताही एक.

पहिल्या ओळीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. तिथेही सीमांत प्राप्ती उत्पादन ३००, मजुरी ३००. नियम तिथेही पाळला जातो! आणि तिथे थांबलात तर हाती शून्य. नुसती बरोबरी पुरेशी नाही, म्हणूनच नियमात 'घटत्या फलासह' ही अट असते. बरोबरी घसरत्या बाजूला व्हायला हवी, जिथे पुढचा माणूस आधीच्यापेक्षा कमी वाढवतो. चढत्या बाजूची बरोबरी ही सगळ्यात वाईट जागा असू शकते, कारण एक पाऊल पुढे गेलात की फायदा वाढणार असतो.

दुसरी अट सरासरीची. समजा मजुरी ४०० झाली. दुसरा कामगार ४२० आणतो, तिसरा ३६०, म्हणजे नियमाने दोघं घ्यावेत. दोघांची मिळून प्राप्ती ७२०, मजुरी ८००, तोटा ८०. कोणालाच न घेतलेलं बरं. दर माणशी सरासरी प्राप्ती या कार्यशाळेत जास्तीत जास्त ३६० पर्यंत जाते, दोघं किंवा तिघं असताना. मजुरी तिच्यावर गेली की काम बंद. म्हणून श्रमाचा मागणी वक्र म्हणजे सीमांत प्राप्ती उत्पादनाचा अख्खा वक्र नव्हे. त्याचा सरासरीच्या शिखराखालचा घसरता भाग तेवढा मागणी वक्र.

आता तुमची दुसरी शंका. ३० चा दर ५० झाला असं समजा. तिसरा रकाना जसाच्या तसा राहतो. करवत तीच, टेबलं तीच, हात तेच. पण चौथा रकाना सगळाच्या सगळा बदलतो: ५००, ७००, ६००, ५००, ४००, ३००. आता सहावा कामगार ३०० आणतो. कालपर्यंत तो १८० आणत होता म्हणून दारातून परत गेला असता. त्याच्या कामात तसूभर फरक पडलेला नाही. तो जी सहा खोकी वाढवतो त्यांना बाहेर कोणीतरी जास्त मोल देतंय, एवढंच. सहा जणांवर मालकाकडे १२०० उरतात, चौघांवर थांबला असता तर ११०० उरले असते.

मालकाला मुळात कामगार नको असतो, त्याला खोकी हवी असतात, आणि खोकी हवीत कारण ती विकली जातात. कामगाराची मागणी अशी दुसऱ्या मागणीच्या पोटी जन्मते. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये ही कल्पना मांडताना घरबांधणीतल्या गिलावा करणाऱ्या कारागिरांचं उदाहरण घेतलं होतं. गिलावा कोणाला गिलाव्यासाठी नको असतो. घर हवं असतं आणि त्या घराला गिलावा लागतो. मराठी पाठ्यपुस्तकांत यालाच परोक्ष मागणी किंवा व्युत्पन्न मागणी म्हणतात.

दर खाली आला तर काय होतं, तेही पाहा, कारण तिथे एक धक्का आहे. २५ चा दर झाला की रकाना होतो २५०, ३५०, ३००, २५०. तिसऱ्यापाशी थांबायचं, आणि तिघांची प्राप्ती ९००, मजुरीही ९००. काम कसंबसं तोललं जातं. दर आणखी एकाने उतरून २४ झाला की तीनवरून दोन, दोनवरून एक अशी सावकाश उतरण होत नाही. सरासरीचं शिखर २८८ वर येतं, ते मजुरीच्या खाली आहे, आणि मागणी तीनवरून थेट शून्यावर जाते. कामगाराच्या बाजूने पाहिलं तर कालपर्यंत नीट चाललेलं काम एका रात्रीत संपलं, असा हा अनुभव असतो. त्याला त्याच्या हातून काही चुकलं असं वाटतं. चुकलेलं काहीच नसतं, खोक्याचा दर एकाने उतरलेला असतो.

ज्यांनी उत्पादनाच्या बाजूचा नियम आधी शिकलाय त्यांच्यासाठी एक जोड. किंमत म्हणजे सीमांत खर्च, हा नियम आणि आपला नियम एकच आहेत. चौथ्यापाशी ३०० मजुरीत १० खोकी वाढली, म्हणजे वाढीव खोकं ३० ला पडलं, आणि दरही ३० आहे. पाचव्यापाशी ३०० भागिले ८, साडेसदतीसला पडतं. विकायचं तीसला, म्हणून घ्यायचा नाही.

आता प्रत्यक्षात हिशेब कुठे बिघडतो ते. लहान कारखान्यांचे हिशेब तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि एक चूक इतक्या वेळा पाहिली आहे की ती तपशिलात सांगतो. आकडे सोयीसाठी वरच्याच तक्त्यातले घेतो. एका कार्यशाळेचा मालक गिऱ्हाईकाच्या लाकडावर काम करायचं सोडून स्वतःचं लाकूड घेऊन खोकी विकू लागला. किंमत ५०. सहा कामगार, दिवसाला ६० खोकी, दिवसभर ठोकण्याचा आवाज, मागणीची वही भरलेली. महिनाअखेरीला हातात काही नाही. मला म्हणाला, "माणशी दहा खोकी होतात, पाचशे येतात, तीनशे देतो. दोनशे सुटायला हवेत. कामगार माल तर बाहेर नेत नाहीत ना?"

तसं काही नव्हतं. हिशेबात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. पहिली म्हणजे लाकूड. खोक्यामागे २० चं लाकूड लागायचं, पण ते महिन्यातून एकदा ठोक खरेदी व्हायचं आणि वेगळ्या खात्यात लिहिलं जायचं, म्हणून कामगाराच्या हिशेबात ते येतच नव्हतं. कामगार वाढला की खोकी वाढतात, आणि प्रत्येक वाढीव खोकं २० चं लाकूड खातं. म्हणून गुणायचं ते ५० ने नव्हे, ३० ने. मार्शल यांनी मेंढपाळाचं उदाहरण देताना ही काळजी घेतली होती. एक मेंढपाळ जास्त ठेवल्याने विक्रीलायक २० मेंढ्या वाढतात असं सांगताना त्यांनी अट घातली की त्याच्यापायी साधनांवर किंवा कळपावर दुसरा खर्च वाढत नाही. तो वाढत असेल तर आधी वजा करा, मगच उरलेल्याची मजुरीशी तुलना करा. शिकवताना कच्चा माल सहसा धरलेला नसतो, आणि विद्यार्थी पुढे कामाला लागतो तेव्हा हीच वजाबाकी राहून जाते.

दुसरी गोष्ट सरासरी. लाकूड वजा केल्यावर मी त्याला तक्ता करून दाखवला, तर तो म्हणाला, पाच जणांवर माणशी सरासरी ३२४ येतात, मजुरी ३००, म्हणजे पाचवा परवडतो. सहाव्यावर सरासरी ३०० येते, तोही निदान तोट्यात नाही. पण पाचवा स्वतः फक्त २४० ची भर घालतो. राहिलेले ६० तो आधीच्या चौघांच्या मिळकतीतून नेतो, आणि सरासरी ते झाकते. सहाव्यापाशी १८० उरायचे ते शून्य झाले, तरी सरासरीच्या आकड्यात कुठेही तोटा दिसत नाही. सगळे कामात आहेत, माल जातोय आणि हातात काही नाही, असं चित्र दिसलं की मी पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतो: तुम्ही माणशी भागून बघताय, की एक माणूस कमी करून बघितलंय?

प्रत्यक्षात सीमांत उत्पादन काढायची रीतही तीच आहे. कोणी किती खोकी केली ते मोजायचं नाही. चौथा तर स्वतः एकही ठोकत नसेल. एक आठवडा पाच जणांचं एकूण उत्पादन लिहा, एक आठवडा चौघांचं, आणि फरक घ्या. दोन्ही आठवड्यांत कामाची मागणी सारखी हवी, आणि नवा माणूस हात बसेपर्यंत मोजू नका, नाहीतर शिकण्याचा काळ तुम्ही घटत्या फलाच्या खात्यावर लिहाल. मजुरीच्या बाजूलाही हातात पडणारी रक्कम पुरत नाही. विमा, हत्यारं, त्याच्यामुळे वाढणारा जो जो खर्च असेल तो सगळा धरा.

या नियमाची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. वरचा तक्ता एका कार्यशाळेचा आहे. मजुरी ३०० वरून २४० झाली तर ती एकटी चारावरून पाचावर जाईल. पण मजुरी सगळ्यांसाठीच उतरली तर सगळ्याच कार्यशाळा माणसं वाढवतील, खोकी बाजारात भरपूर येतील आणि ३० चा दर टिकणार नाही. दर २७ झाला तर पाचवा २१६ च आणतो, म्हणजे तो २४० लाही परवडत नाही. म्हणून एकेका संस्थेचे मागणी वक्र नुसते बेरजेला घेऊन उद्योगाचा वक्र काढला तर रोजगारवाढीचा अंदाज फुगतो. उद्योगाचा खरा वक्र जास्त तीव्र उताराचा असतो. आणि जिथे संस्थाच एवढी मोठी आहे की तिने माणसं वाढवली की मजुरी चढते किंवा माल वाढवला की किंमत पडते, तिथे ३० आणि ३०० हे आकडे स्थिर धरता येत नाहीत. ते वेगळं प्रकरण आहे, तुमच्या प्रश्नात ते नाही.

त्या मालकाचं पुढे काय झालं ते सांगतो. तक्ता पाहून तो दोन माणसं कमी करायला निघाला होता. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं, पण तिसरा रकाना माणसांचा नसतो, माणसं आणि साधनं मिळून तो बनतो. मी त्याला करवतीपुढे उभं राहून घड्याळ लावायला सांगितलं. पाचवा आणि सहावा कामगार तिथेच अडकत होते. त्याने दिवसाला ६० भाड्याने दुसरी करवत आणली. पुन्हा मोजलं तेव्हा चौघांत ४८ खोकी, पाच जणांत ५९ आणि सहा जणांत ६९ झाली. लाकूड वजा जाता सहाव्याची १० खोकी ३०० आणत होती, बरोबर मजुरीइतकी. सहा जणांच्या मजुरीनंतर २७० आणि करवतीचं भाडं दिल्यावर २१० उरत होते. चौघांवर जुन्या करवतीने १८० उरले असते. सहाही जण कामावर राहिले.